तेरा नॅनोमीटरचं गणित आणि शंभर नॅनोमीटरचा थर : प्रकल्प नोंदी

१० जून, ऐरोली

तुकडे आले. दोन डब्या, प्रत्येकीत साधारण १ सेमी बाय १ सेमीचे सहा तुकडे. दोन्हींत सिलिकॉनच्या (001) वेफरवर सिलिकॉन-जर्मेनियमचा थर आहे आणि त्यात जर्मेनियम २० टक्के. थर एमबीईने, म्हणजे निर्वातात अणूंची वाफ वेफरवर बसवून, ५५० अंश सेल्सिअसला वाढवलेला. ‘ए’ डबीतला थर १०० नॅनोमीटर, ‘बी’ डबीतला फक्त १०.

वरून दोन्ही सारखेच दिसतात, आरशासारखे. लॅबमधल्या काकांनी एक तुकडा हातात धरून भांग नीट केला आणि परत डबीत ठेवला.

मॅडमनी काम एका वाक्यात सांगितलं : क्रिटिकल थिकनेस, म्हणजे जिच्यापुढे थराने ताण सोडायला हवा ती जाडी, काढा, मग थर त्या आकड्याला जुमानतो का ते बघा.

१३ जून

आधी मिसमॅच, म्हणजे दोन स्फटिकांच्या मापांतला फरक. सिलिकॉनच्या लॅटिसची, म्हणजे अणूंच्या जाळीतल्या एका घराची, बाजू ५.४३१ अँगस्ट्रॉम आणि जर्मेनियमची ५.६५८, म्हणजे दोघांत ४.२ टक्क्यांचा फरक. आपल्या थरात जर्मेनियम पाचवा हिस्सा, तेव्हा फरकही पाचवा हिस्सा धरून मी ०.८४ टक्के लिहिलं. मॅडमनी पेन्सिलने गोल केला. मिश्रधातूची लॅटिस सरळ रेषेत वाढत नाही, मध्ये थोडी खाली झुकते. डिस्म्यूक्स आणि सहकाऱ्यांची १९६४ची मोजमापं वापरली तर २० टक्क्यांना ५.४७२ अँगस्ट्रॉम येतात आणि मिसमॅच ०.७६ टक्के. पुढे सगळीकडे हाच आकडा.

०.७६ टक्के डोळ्यासमोर आणायला अकरावीतला व्हर्नियर बरा. मुख्य पट्टीचे आणि सरकत्या पट्टीचे भाग किंचित वेगळे असतात, म्हणून रेषा हळूहळू एकमेकींपासून हटत जातात आणि ठरावीक अंतरावर पुन्हा जुळतात. इथे थराची १३१ प्रतलं सिलिकॉनच्या १३२ प्रतलांएवढी भरतात. थराला हे दोन प्रकारे निभावता येतं. एक, स्वतः आडवं दबून सिलिकॉनच्या मापात बसायचं आणि त्या बदल्यात उभं थोडं वाढायचं. हा झाला स्ट्रेन. दुसरं, आपलं माप राखायचं आणि दर १३१ प्रतलांमागे खालच्या एका प्रतलाला जोडीदार न देता सोडून द्यायचं. अशा सुटलेल्या प्रतलाची कड म्हणजे सांध्यावरची एक रेषा, मिसफिट डिसलोकेशन.

रात्री आईला हे सांगत होते. ती म्हणाली, “म्हणजे साडीचा फॉल न भिजवता लावला की पहिल्या धुण्यात काठ गोळा होतो, तसं.” पहिल्या अर्ध्यापर्यंत बरोबर आहे. फॉल आटतो आणि साडीला त्याच्या मापात यायला लावतो. पण काठाला चुण्या पडतात. सिलिकॉनला घट्ट चिकटलेल्या थराला चुणी घालायला जागाच नाही, त्याला धागाच सोडावा लागतो.

१७ जून

आज मॅथ्यूज आणि ब्लेकस्ली यांचा १९७४चा युक्तिवाद नीट समजून घेतला. त्यांनी ‘डिसलोकेशन कुठून येतं’ हा प्रश्नच टाळला. थरातून वर आलेलं एक डिसलोकेशन आधीपासून आहे असं ते धरतात, म्हणजे वेफरमधून निघून पृष्ठभागापर्यंत गेलेला उभा धागा. दबलेल्या थराचा ताण या धाग्याच्या वरच्या भागाला बाजूला ओढतो. तो सरकला की मागे सांध्यावर एक आडवी रेषा लांबत जाते आणि तेवढा स्ट्रेन सुटतो. पण रेषा लांबवायला ऊर्जा लागते, म्हणून रेषा त्याला मागे खेचते.

सगळी गंमत जाडीत आहे. पुढे ओढणारं बल जाडीच्या प्रमाणात वाढतं, मागे खेचणारं फक्त जाडीच्या लॉगरिदमने. थर पातळ असेल तर मागची ओढ जिंकते आणि धागा जागचा हलत नाही. जाडी वाढली की कुठेतरी पुढची ओढ वरचढ होणारच. दोन्ही समान होतात ती जाडी म्हणजे क्रिटिकल थिकनेस.

समीकरणात जाडी दोन्ही बाजूंना येते, म्हणून उत्तर फिरवून फिरवून काढावं लागतं :

```python
from math import log, pi
b, nu, f = 0.384, 0.28, 0.0076   # b नॅनोमीटरमध्ये
h = 50.0
for _ in range(40):
    h = b*(1 - nu/4)*(log(h/b) + 1) / (8*pi*f*(1 + nu)*0.5)
print(round(h, 1))
```

उत्तर `13.3`. (`h = 0.1` पासून सुरुवात केली तर दुसऱ्याच फेरीत `ValueError` येतो, कारण लॉगच्या आत ऋण संख्या जाते. यात माझा अर्धा तास गेला.) `nu/4` आणि शेवटचा `0.5` हे दोन्ही ६० अंशांच्या डिसलोकेशनमुळे. या स्फटिकात डिसलोकेशन (111) प्रकारच्या तिरप्या प्रतलांवरून सरकतात, त्यामुळे त्यांच्या सरकण्याचा निम्माच भाग मिसमॅच मिटवायला कामी येतो. जुन्या ०.८४ टक्क्यांनी उत्तर ११.७ आलं असतं. म्हणजे दशांशावर भांडण्यात अर्थ नाही, ‘बारा-तेरा’ म्हणून पुढे जावं.

बी म्हणजे १० नॅनोमीटर, मर्यादेच्या आत. ए साडेसात पट बाहेर. आमचा अंदाज : ए आधीच सैल झालेला असणार.

२६ जून, पवई

हाय-रिझोल्यूशन एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी प्रतलांमधलं अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, स्लॉट मिळाला. सकाळी पाऊस, ऐरोली पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी. तुकडा डबीत, डबी पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत. स्लॉटच्या बरोबर दोन मिनिटं आधी पोहोचलो.

ए तुकड्याचा (004) स्कॅन घेतला. सिलिकॉनचं शिखर 2θ = ६९.१३ अंशांवर, थराचं ६८.०९ वर. थर पूर्ण दबलेला असेल तर गणिताने ६८.०९ यायला हवं, पूर्ण सैल असेल तर ६८.५४. म्हणजे अंदाज सपशेल चुकला. क्रिटिकल थिकनेसच्या साडेसात पट जाड थर निवांत दबून बसलाय. शिखराच्या दोन्ही बाजूंना लहान लहान लाटाही स्वच्छ दिसल्या, साधारण ०.१०६ अंशांच्या अंतराने. त्यावरून जाडी १०० नॅनोमीटर निघते. सांधा खडबडीत किंवा थर सैल असता तर या लाटा पुसल्या गेल्या असत्या.

परतीच्या बसमध्ये पार्टनर म्हणाली, “सूत्र चुकलं की आपण?” मला तेव्हा उत्तर नव्हतं.

२८ जून

मॅडमकडे दीड तास. दोघांपैकी कोणीच चुकलेलं नाही. मॅथ्यूज-ब्लेकस्लीचा आकडा समतोलाचा आहे. या जाडीपुढे सैल होणं थराला *फायद्याचं* आहे, एवढंच तो सांगतो. थर तो फायदा कधी घेईल याबद्दल तो गप्प आहे. १९८०च्या दशकात बेल लॅब्समध्ये बीन आणि सहकाऱ्यांनी ५५० अंशांना नेमके असेच थर वाढवले, तेव्हा समतोलाच्या मर्यादेच्या कितीतरी पट जाडीपर्यंत ते दबलेलेच दिसले. १९८५मध्ये पीपल आणि बीन यांनी त्या मोजमापांना जुळणारं वेगळं सूत्र दिलं. त्याने आमच्या थराला २०० ते २५० नॅनोमीटर येतात. मी खुश झाले, हेच बरोबर सूत्र! मॅडम म्हणाल्या, “जुळतं म्हणून बरोबर, असं नसतं. तो थर तापव आणि मग विचार.”

कारण असं. मॅथ्यूजने गृहीत धरलेला तो ‘आधीपासून असलेला धागा’ आजच्या सिलिकॉन वेफरमध्ये जवळजवळ नसतोच. डिसलोकेशन नव्याने जन्मावं लागतं, त्याला अडथळा मोठा. जन्मलं तरी ५५० अंशांना ते हळू सरकतं. डॉडसन आणि त्साओ यांनी १९८७मध्ये हेच मांडलं : प्रश्न ‘किती जाडी’ एवढाच नाही, ‘किती ताण उरलाय आणि किती तापमानाला किती वेळ’ हा आहे.

दुसरं कारण मला जास्त टोचलं. एक्सआरडीने ‘पूर्ण दबलेला’ म्हटलं म्हणजे नेमकं काय म्हटलं? समजा, मिसमॅचचा फक्त एक टक्का सुटलाय. शिखर ०.००४५ अंशाने सरकेल, आणि आमच्या शिखराची रुंदीच ०.१ अंशाच्या आसपास आहे. ते दिसणारच नाही. पण एक टक्का सुटायला सांध्यावर दर अडीच मायक्रोमीटरला एक रेषा लागते, म्हणजे मिलिमीटरला ४००. चारशे रेषा पडलेल्या असतील तरी यंत्र म्हणेल, सगळं ठीक आहे.

४ जुलै

ठरलं : ए चे तुकडे ६०० अंशांना १० मिनिटं, नायट्रोजनमध्ये. मग डिफेक्ट एच, म्हणजे क्रोमिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लांचं मिश्रण. डिसलोकेशनच्या वरचा भाग त्यात जरा वेगळ्या वेगाने झिजतो, म्हणून रेषा खोबणीसारखी उमटते. हे काम मॅडमनी स्वतः केलं. आम्ही काचेच्या या बाजूला. हायड्रोफ्लुओरिकला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही, हा नियम इथे भिंतीवरही आहे आणि मॅडमच्या डोळ्यांतही.

९ जुलै

आजचा दिवस लक्षात राहील, आणि अर्धा माझ्या मूर्खपणामुळे.

पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाखवणाऱ्या नोमार्स्की मायक्रोस्कोपखाली ए-३ तुकडा. मधला बहुतेक भाग कोरा. पण कडांवरून आत शिरलेल्या सरळ, बारीक रेषा आहेत, कडेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी नाहीतच. जिथे तुकडा स्वच्छ तुटलाय तिथे कमी, जिथे कड खरवडलीय तिथे दाट.

आणि एका कोपऱ्याजवळ, कडेपासून चांगलं दूर, रेषांचं एक मोठं अधिक चिन्ह. चारही बाजूंना फाकलेल्या रेषा. पार्टनर म्हणाली, हा वेफरचाच दोष असणार. मी फोकस खालीवर केला तर मध्ये अक्षरं दिसली : A3.

माझंच हस्ताक्षर. १० जूनला तुकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मी डायमंड स्क्राइबरने नाव कोरलं होतं. समोरच्या बाजूला. थरावर.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या आयपीसला डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू नकळत डिसलोकेशनची नर्सरी लावलीस.” ओरखड्याने स्फटिक फाटतो, तिथे लहान लहान डिसलोकेशन आयती तयार होतात. मॅथ्यूजला हवा असलेला धागा असा फुकट मिळाला. पुढे फक्त सरकायचं काम. रेषा दोनच दिशांना आणि एकमेकींना काटकोनात, कारण तिरपी (111) प्रतलं सांध्याला त्याच दोन दिशांत छेदतात. वेफरही त्याच दिशांत तुटतो, म्हणून रेषा कडांना समांतर किंवा काटकोनात.

ही चूक वहीत ठळक लिहून ठेवतेय. त्या तुकड्यावरून ‘थर कधी सैल होतो’ याचं काही सांगता येणार नाही. पण ‘डिसलोकेशन किती वेगाने सरकतं’ हे सांगता येतं.

११ जुलै

अर्धा मिलिमीटर, ६०० सेकंद. वेग सेकंदाला सुमारे ०.८ मायक्रोमीटर. हा किमान वेग. रेषा पहिल्या सेकंदालाच निघाली असं धरलंय, उशिरा निघाली असेल तर वेग जास्त.

सिलिकॉनमध्ये सरकण्याची सक्रियण ऊर्जा साधारण २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्या हिशेबाने ५५० वरून ६०० अंशांना वेग सहापट होतो, आणि ६०० वरून ८५० ला आणखी सुमारे ६७० पट. म्हणजे ८५० अंशांना सेकंदाला अर्धा मिलिमीटर. अख्खा तुकडा वीस सेकंदांत पार. थर वाढताना ५५० अंशांना तो का टिकला, तेही यात आलं.

२२ जुलै, पवई

नवा तुकडा, ए-५, ८५० अंशांना १० मिनिटं. नाव मागच्या बाजूला, मार्करने.

(004) मध्ये थराचं शिखर ६८.०९ वरून ६८.२५ वर. लाटा पुसट. नोमार्स्कीखाली एच न करताही चौकटीचं कापड पसरल्यासारखी जाळी.

तिथल्या एका पीएचडीच्या दादाने पडद्याकडे बघून सहज म्हटलं, “जर्मेनियम १७ टक्क्यांवर आलंय, खाली सिलिकॉनमध्ये झिरपलं असणार.” त्याचं गणित बरोबर होतं. पूर्ण दबलेला, १७ टक्क्यांचा थर अगदी ६८.२५ लाच शिखर देतो. (004) फक्त उभं अंतर मोजतं, आणि उभं अंतर दोन गोष्टींनी कमी होतं : जर्मेनियम कमी झालं तर, किंवा थर आडवा सैल झाला तर. एका शिखरावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. ज्याने फक्त (004) घेतला, त्याला हवं ते उत्तर निवडायची मोकळीक आहे.

दादा भला माणूस. त्यानेच पुढे दोन तासांचा स्लॉट काढून (224) चा नकाशा घेऊ दिला. हे प्रतल तिरपं असल्याने त्यात आडवं अंतरही येतं. थर दबलेला असेल तर त्याचा ठिपका सिलिकॉनच्या ठिपक्याच्या बरोबर खाली पडतो. आमचा बाजूला सरकला होता आणि लांबट झाला होता. आडवं अंतर ५.४४५ अँगस्ट्रॉम. सिलिकॉन ५.४३१, मोकळा थर ५.४७२. म्हणजे ३५ टक्के मिसमॅच सुटलाय आणि जर्मेनियम २० टक्केच आहे. दादा म्हणाला, “चल, चहा माझ्याकडून.”

२५ जुलै

३५ टक्के सुटायला रेषा किती जवळजवळ हव्यात? सरासरी ७२ नॅनोमीटरला एक. (पूर्ण सुटला असता तर २५ नॅनोमीटरला एक, व्हर्नियरची १३१ प्रतलं ती हीच.) इतक्या जवळच्या रेषा प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला वेगळ्या दिसूच शकत नाहीत. नोमार्स्कीखाली दिसणारी जाळी म्हणजे रेषांच्या झुंडी. दिसलेल्या ओळी मोजून डिसलोकेशन मोजली असं लिहायचं नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं.

आता मूळ प्रश्न. मॅथ्यूजचंच गणित उलट फिरवून विचारलं : १०० नॅनोमीटर थरात समतोलाला किती स्ट्रेन उरावा? ०.१५ टक्के, म्हणजे मूळ मिसमॅचच्या एकोणीस-वीस टक्के. उरलेले ८० टक्के सुटायला हवे होते. सुटले ३५. आणि वेग तर असा की दहा मिनिटांत डिसलोकेशनने तुकडा तीस वेळा ओलांडावा. मग थांबलं कुठे?

दोन ठिकाणी. एक, जन्म : स्वच्छ कडांच्या तुकड्यात सुरुवात करायला जागा मोजक्या. दोन, अडवणूक : एका दिशेच्या रेषा आधी पडल्या की काटकोनातून येणाऱ्या धाग्याला प्रत्येक रेषेभोवतीचा ताण ओलांडावा लागतो. सुरुवातीला थरात ताण भरपूर, तेव्हा तो ओलांडतो. सैल होत जाईल तसं मागून ढकलणारं बल कमी होतं आणि तो वाटेत अडकतो. असे अडकलेले धागे वर पृष्ठभागापर्यंत उभेच राहतात. या थरावर ट्रान्झिस्टर करायचा झाला तर त्रास देतात ते हेच. सांध्यावरच्या आडव्या रेषा निदान खाली गाडलेल्या असतात.

५ ऑगस्ट

शेवटी बी. तेच ८५० अंश, तीच १० मिनिटं. नोमार्स्कीखाली काहीही नाही, कडांनाही नाही. आम्ही टाळी दिली : १० नॅनोमीटर १३.३ च्या आत, सूत्र खरं ठरलं.

मॅडमनी स्कॅन मागितला. थर १० नॅनोमीटर असल्याने शिखर जवळजवळ एक अंश रुंद, आणि पूर्ण सैल झाला असता तरी ते ०.४५ अंशच सरकलं असतं. आमच्या बी च्या स्कॅनवरून पाच-दहा टक्के सैल झालाय की अजिबात नाही, हे शपथेवर सांगता येणार नाही. डिफेक्ट एच करावं तर त्यात थरच निघून जाईल. मसुद्यात ‘थर सैल झाला नाही’ खोडून ‘रेषा आढळल्या नाहीत’ असं केलं. पार्टनरला हे फार कंजूष वाटलं, मला नाही.

वरून बघता येईल अशा टीईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, बी-२ आणि बी-४ ठेवलेत, स्लॉट सप्टेंबरचा. बी-१ वर मी स्क्राइबरने मुद्दाम, समोरून, एक छोटी रेघ मारलीय आणि तोही ८५० ला तापवलाय. १३.३ खरं असेल तर रेघेजवळ आयते धागे असूनही ते पुढे सरकायला नकोत. ए-३ वर चुकून झालं ते इथे ठरवून. डबीवर लाल पेनाने लिहिलंय : ओरखडा आमचाच आहे.